दाखला तहसीलमध्ये अडकला, शिष्यवृत्तीची मुदत संपत आली. मुदतवाढीचा अर्ज असा करा

महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायचा, पण उत्पन्नाचा दाखला अजून तहसीलमधून आलेला नाही, अशी अडचण दरवर्षी अनेक विद्यार्थ्यांची होते. अशा वेळी 'साहेब, दाखला मिळाला नाही' एवढं तोंडी सांगून भागत नाही. उशीर आपल्याकडून झालेला नाही, हे कागदावर दिसलं पाहिजे.

त्यासाठी सर्वात मोठा पुरावा म्हणजे सेतू किंवा आपले सरकार केंद्रातून मिळालेली पावती. तिच्यावर अर्ज क्रमांक आणि अर्जाची तारीख असते. सेवा हक्क कायदा 2015 नुसार उत्पन्नाच्या दाखल्यासाठी 15 दिवसांची मुदत ठरलेली आहे.

समजा, फॉर्मची शेवटची तारीख 15 जानेवारी आहे आणि दाखल्याचा अर्ज 5 जानेवारीला केला. म्हणजे दाखला 20 तारखेपर्यंत येणं अपेक्षित. मग अर्जात 'थोडी मुदत द्यावी' असं मोघम लिहू नका. असं लिहा:

'माझा महाडीबीटी अर्ज क्रमांक अमुक आहे. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी दि. 5 जानेवारी रोजी अर्ज केला असून त्याचा क्रमांक अमुक आहे. दाखला अद्याप मिळालेला नाही. तो सादर करण्यासाठी दि. 25 जानेवारीपर्यंत मुदत मिळावी व तोपर्यंत माझा अर्ज नामंजूर करू नये, ही विनंती. सोबत पावतीची प्रत जोडली आहे.'

हा अर्ज शेवटच्या तारखेच्या आतच द्या. आधी कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात द्या आणि एक प्रत ज्या खात्याची शिष्यवृत्ती आहे त्या जिल्हा कार्यालयात, उदाहरणार्थ समाजकल्याण सहायक आयुक्तांकडे द्या. आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का व तारीख घ्यायला विसरू नका.

इथे एक गोष्ट समजून घ्या. पोर्टलची शेवटची तारीख कॉलेज बदलू शकत नाही, ते खात्याच्या हातात असतं. पण फॉर्म आधीच भरलेला असेल आणि कागदात त्रुटी निघाली, तर कॉलेजचा क्लार्क तो Reject न करता Send Back करून दुरुस्तीसाठी परत पाठवू शकतो. म्हणून विनंती त्याचीही करा. काहीजण घाईत मुदत संपलेला जुना दाखला जोडतात, त्याने फॉर्म उलट अडकतो.

दुसरीकडे दाखल्याचं स्टेटस तपासत राहा. बऱ्याचदा तलाठ्याचा अहवाल किंवा एखादा कागद कमी असल्याने अर्ज परत आलेला असतो आणि घरी पत्ताच नसतो. तसं असेल तर तो उशीर कार्यालयाचा धरला जात नाही. कागद पूर्ण असूनही 15 दिवसांत दाखला आला नाही, तर त्यानंतर 30 दिवसांच्या आत प्रथम अपील करता येतं. अपिलाची प्रत मुदतवाढीच्या अर्जाला जोडली, तर अर्ज आणखी भक्कम होतो.

दाखल्याचा अर्जच फॉर्मची तारीख उलटल्यावर केला असेल, तर मात्र मुदत मागायला आधार उरत नाही.