तीन टीबीची डिस्क आणि उरलेले ७४६ जीबी

जुन्या कॉम्प्युटरला तीन टीबीची नवी हार्ड डिस्क जोडली, विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये पाहिलं, तर तिथे एकाशेजारी एक असे दोन पट्टे दिसतात. पहिला २०४८ जीबीचा, दुसरा ७४६.५२ जीबीचा. पहिल्यावर पार्टिशन होतं. दुसऱ्यावर राइट क्लिक केलं, तर नवं पार्टिशन करायचा पर्याय पुसट दिसतो, दाबलाच जात नाही. डिस्क खराब नसते आणि दुकानदारानेही फसवलेलं नसतं. अडचण डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटांत असते.

डिस्कवरची जागा ५१२ बाइटांच्या तुकड्यांत मोजली जाते. या तुकड्याला सेक्टर म्हणतात. पहिल्या, म्हणजे शून्य क्रमांकाच्या सेक्टरात मास्टर बूट रेकॉर्ड असतो, बोलीभाषेत एमबीआर. तो १९८३ साली पीसी डॉस २.० बरोबर आला. त्याच वेळी आलेल्या आयबीएमच्या पीसी एक्सटीमध्ये दहा एमबीची हार्ड डिस्क होती. त्या काळाच्या मानाने या सेक्टरातली वाटणी ऐसपैस होती: पहिले ४४६ बाइट छोट्याशा प्रोग्रॅमसाठी, पुढचे ६४ बाइट पार्टिशनच्या तक्त्यासाठी आणि शेवटचे दोन बाइट खुणेसाठी. ती खूण कायम `55 AA` असते.

तक्त्याच्या ६४ बाइटांत चार नोंदी बसतात, प्रत्येकी सोळा बाइटांच्या. एमबीआर डिस्कवर चारच मुख्य पार्टिशनं होतात, ती यामुळे. (पाचवं हवं असेल तर चारांपैकी एकाला ‘एक्स्टेंडेड’ करून त्याच्या पोटात आणखी पार्टिशनं काढतात. हा जुगाड चालतो, पण पुढे त्रास देतो.) विंडोज ७ स्वतःसाठी जे १०० एमबीचं पार्टिशन करायचं, त्याची नोंद अशी दिसते:

```
80 20 21 00 07 DF 13 0C 00 08 00 00 00 20 03 00
```

पहिला `80` म्हणजे ‘इथून बूट करा’. मधला `07` हा पार्टिशनचा प्रकार, विंडोजच्या एनटीएफएसचा. त्यांच्या आजूबाजूचे तीन-तीन बाइट जुन्या काळच्या मोजणीचे आहेत, ते आता कुणी फारसं विचारात घेत नाही. खरं महत्त्व शेवटच्या आठ बाइटांना. `00 08 00 00` हे उलटीकडून वाचायचं. उत्तर येतं २०४८, म्हणजे पार्टिशन २०४८ व्या सेक्टरपासून सुरू. `00 20 03 00` म्हणजे २,०४,८०० सेक्टर. त्यांना ५१२ ने गुणलं की बरोबर १०० एमबी.

पार्टिशन म्हणजे एवढंच. डिस्कवर कुठे कुंपण नसतं, असतो तो फक्त सातबाऱ्यावरचा फेरफार. म्हणून चुकून पार्टिशन उडालं तरी आतल्या फायली बहुतेक वेळा जागेवर असतात. अशा वेळी त्या डिस्कवर नवीन काही लिहू नये. शोधून देणाऱ्या सॉफ्टवेअरला जुन्या हद्दी सापडतात.

आता ७४६ जीबीचा हिशेब. नोंदीत सुरुवात आणि लांबी यांना चार-चार बाइट दिले आहेत. चार बाइटांत मोठ्यात मोठा आकडा बसतो तो ४२९ कोटींच्या जरा वर. इतके सेक्टर म्हणजे २०४८ जीबी. तीन टीबीच्या डिस्कवर मात्र सुमारे ५८६ कोटी सेक्टर असतात. त्यातून ४२९ कोटी वजा केले की उरतात साधारण १५७ कोटी, म्हणजेच ते ७४६ जीबी. जागा खरोखर आहे, पण तिचा क्रमांक लिहायला तक्त्यात घर नाही. दहा एमबीच्या काळात चार बाइट देणाऱ्यांना मी दोष देणार नाही.

जीपीटी, म्हणजे जीयूआयडी पार्टिशन टेबल, ही इंटेलच्या ईएफआय या कामातून आलेली पद्धत. तिच्यात सेक्टरच्या क्रमांकाला आठ बाइट मिळतात, त्यामुळे हा प्रश्न आपल्या हयातीत पुन्हा उभा राहायचा नाही. तक्ताही मोठा आहे. सहसा १२८ नोंदी असतात आणि प्रत्येकीत पार्टिशनला नाव देण्याची सोय असते. शून्य क्रमांकाच्या सेक्टरात इथेही एक एमबीआर ठेवलेला असतो, पण तो नावापुरता. त्यातली एकच नोंद सांगते, की ही डिस्क भरलेली आहे. ती नसेल तर जुनं सॉफ्टवेअर डिस्क कोरी समजून फॉरमॅट करून मोकळं होईल.

मला जीपीटीची आवडणारी गोष्ट मात्र आकाराची नाही. एमबीआरचा तक्ता एकाच ठिकाणी असतो. तो सेक्टर बिघडला की हद्दी गेल्या. जीपीटी तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी ठेवते, आणि दोन्हींवर पडताळणीचा आकडा असतो. तक्त्यात एक बाइट जरी इकडचा तिकडे झाला, तरी आकडा जुळत नाही आणि शेवटची प्रत कामाला येते.

कॉम्प्युटर सुरू होताना काय वाचलं जातं, यातही दोघांत फरक आहे. जुन्या बायोसला पार्टिशन कळतच नाही. ते शून्य क्रमांकाचा सेक्टर मेमरीत घेतं, शेवटी `55 AA` आहे का पाहतं आणि त्या ४४६ बाइटांच्या प्रोग्रॅमकडे सूत्रं सोपवतं. तो `80` असलेली नोंद शोधतो आणि त्या पार्टिशनचा पहिला सेक्टर चालू करतो. काळ्या पडद्यावर येणारा `Missing operating system` हा मजकूर याच चिमुकल्या प्रोग्रॅममध्ये असतो. तो दिसला, तर पार्टिशनची नोंद सापडली पण तिथे बूट करण्याजोगं काही मिळालं नाही, असं समजावं.

बायोसच्या जागी आलेल्या यूईएफआयला जीपीटी स्वतः वाचता येते. ते ईएफआय सिस्टम पार्टिशन नावाचा छोटा भाग शोधतं, जो फॅट पद्धतीचा असतो, आणि त्यातली नेमकी फाइल उघडतं. विंडोजची फाइल ही:

```
\EFI\Microsoft\Boot\bootmgfw.efi
```

कोणती फाइल उघडायची याची यादी डिस्कवर नसते, ती मदरबोर्डच्या मेमरीत असते. म्हणूनच चालू डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली की कधी कधी ती बूट होत नाही. नव्या बोर्डाला तो पत्ता ठाऊक नसतो. अशा वेळी तो `\EFI\BOOT\BOOTX64.EFI` ही ठरलेली फाइल शोधतो, आणि ती नसली की हात वर करतो.

घरोघरी ठेच लागते ती मात्र विंडोज नव्याने टाकताना. निवडलेल्या डिस्कवर एमबीआर आहे आणि ईएफआय मशीनवर विंडोज फक्त जीपीटी डिस्कवर टाकता येतं, असं सांगून इन्स्टॉलर अडून बसतो. पेनड्राइव्ह यूईएफआय पद्धतीने सुरू झाला आणि डिस्क जुन्या पद्धतीची निघाली, इतकंच झालेलं असतं. यावर अनेक जण सांगतात तो `clean` हा उपाय पार्टिशनचा सगळा तक्ताच पुसतो, तेव्हा डिस्कवर काही हवं असेल तर तिकडे वळू नये. आधी कमांड प्रॉम्प्टमध्ये `diskpart` आणि मग `list disk` असं टाइप करावं. शेवटच्या `Gpt` या रकान्यात चांदणी असेल तर ती डिस्क जीपीटी, नसेल तर बहुधा एमबीआर.

चालू विंडोज न पुसता बदल करायची सोय २०१७ पासून विंडोज १० मध्ये आहे. बॅकअप घ्यावा, बिटलॉकर चालू असेल तर तो थांबवावा आणि ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये आधी नुसती तपासणी करावी:

```
mbr2gpt /validate /allowFullOS
mbr2gpt /convert /allowFullOS
```

पहिल्या ओळीला होकार मिळाला तरच दुसरी द्यावी. डिस्कवर मुख्य पार्टिशनं तीनपेक्षा जास्त असतील तर नकार येतो, कारण ईएफआय पार्टिशनसाठीही जागा काढायची असते. तो मघाचा एक्स्टेंडेडचा जुगाड केलेला असेल तरीही नकारच. बदल झाल्यावर कॉम्प्युटर सुरू करताना सेटिंगमध्ये जाऊन बूटची पद्धत लेगसीवरून यूईएफआयवर आणावी लागते. ते राहिलं तर विंडोज सुरू होत नाही. मशीनमध्ये यूईएफआयचा पर्यायच नसेल, तर विंडोजची डिस्क एमबीआरच ठेवावी आणि तीन टीबीची डिस्क जीपीटी करून फक्त फायली ठेवायला वापरावी. बूट करायचं नसेल तर ६४-बिट विंडोज जुन्या बायोसवरही ती डिस्क पूर्ण २७९४ जीबीची दाखवतं.