साठेखत ते खरेदीखत: मोऱ्याच्या एका भूखंडाच्या निमित्ताने

भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली लाँच मुंबईचे बंदर ओलांडून ज्या धक्क्याला लागते, ते मोरा म्हणजे उरणचे जुने बंदर. आणि उरण हा एके काळी पनवेल तालुक्याचाच पेटा असल्यामुळे येथील जुन्या दस्तऐवजांतून पनवेलचे नाव सहजच येते. या भागातील जमिनीला गेल्या पन्नास वर्षांत जे चढउतार पाहावे लागले, ते कोकणातील दुसऱ्या फारच थोड्या गावांच्या वाट्याला आले असतील. 1970 साली सिडको स्थापन झाली, 1989 साली न्हावाशेव्याचे बंदर सुरू झाले, आणि 12 जानेवारी 2024 या एकाच दिवशी शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू व उरणपर्यंतची लोकल गाडी या दोन्हींचे उद्घाटन झाले. रस्ता, पूल किंवा रेल्वे आली की जमिनीचा भाव वाढतो, आणि इसार घेऊन बसलेल्या विक्रेत्याचे मन फिरण्याचा संभव असतो तो नेमका अशाच वेळी. म्हणून जमीनखरेदीच्या अफाट विषयातील हा एकच प्रश्न येथे विचारासाठी घेतला आहे: इसार घेतला, साठेखत झाले, आणि खरेदीखताच्या आधी विक्रेता फिरला, तर खरेदीदाराच्या हाती काय उरते?

या प्रश्नाचे उत्तर 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या 54 व्या कलमात आहे. विक्री म्हणजे किमतीच्या बदल्यात मालकीचे हस्तांतरण, आणि शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीच्या बाबतीत ते नोंदणीकृत दस्तानेच होते. हा दस्त म्हणजे खरेदीखत. त्याच कलमात पुढे सांगितले आहे की, विक्रीच्या कराराने स्वतःहून त्या मिळकतीत कोणताही हक्क किंवा बोजा निर्माण होत नाही. हा करार म्हणजे साठेखत. साठेखत झाल्यावर "जमीन घेतली" असे आपण घरी सांगतो, पेढे वाटतो, क्वचित कुंपणही घालतो. पण कायद्याच्या दृष्टीने त्या दिवशी जमीन घेतलेली नसते, ती विकण्याचे वचन मात्र घेतलेले असते, आणि मालक कालचाच असतो. 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने सूरज लॅम्पच्या प्रकरणात हेच अधिक कठोर शब्दांत सांगितले: साठेखत, कुलमुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र हे तिन्ही कागद एकत्र बांधले तरी त्यांतून मालकी निघत नाही.

असे असले तरी साठेखत निरुपयोगी आहे असा समज करून घेऊ नये. वचन लेखी आहे, त्यातील मिळकत, किंमत आणि उभयपक्ष निश्चित आहेत, एवढ्यावर न्यायालय विक्रेत्याला खरेदीखत करून देण्यास भाग पाडू शकते. 1963 च्या विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाचा हा विषय. पूर्वी असा हुकूम देणे न देणे न्यायाधीशाच्या विवेकावर बरेच अवलंबून असे. 2018 च्या दुरुस्तीनंतर, कायद्यात नमूद केलेल्या अपवादांत प्रकरण बसत नसेल, तर अंमलबजावणी हाच नियम झाला आहे. मात्र या हक्कापर्यंत पोहोचण्याची वाट साठेखतातील दोनचार वाक्यांवरून जाते, आणि ती वाक्ये लिहिताना आपल्याकडे फारसा विचार होत नाही.

उदाहरणादाखल मोऱ्याचा एक व्यवहार कल्पू. बिगरशेती झालेला, मोजणी झालेला दोन गुंठ्यांचा, म्हणजे 2178 चौरस फुटांचा भूखंड. किंमत 30 लाख. पसंतीच्या दिवशी खरेदीदाराने एक लाख इसार दिला, आठवड्याने साठेखत करताना पाच लाख दिले, आणि उरलेले 24 लाख सहा महिन्यांत देऊन खरेदीखत करून घ्यायचे ठरले. पाचव्या महिन्यात विक्रेत्याला 40 लाखांचे गिऱ्हाईक आले. तो निरोप धाडतो, "इसाराच्या दुप्पट घ्या आणि सोडून द्या." आणि साठेखतात तसे वाक्य खरोखरच असते: "लिहून देणार यांनी खरेदीखत करून न दिल्यास इसाराची रक्कम दामदुप्पट परत करावी."

खरेदीदाराला हे वाक्य आपल्या संरक्षणाचे वाटते. माझ्या मते साठेखतातील सर्वांत घातक वाक्य हेच. दोन्ही आकडे समोर ठेवून पाहा. भूखंडाचा भाव 30 वरून 40 लाख झाला असेल, तर करारभंगामुळे झालेले नुकसान सुमारे दहा लाखांचे आहे, आणि 1872 च्या करार अधिनियमाच्या 73 व्या कलमान्वये ते सिद्ध करून मागता येते. पण करारातच भरपाईची रक्कम लिहून ठेवली असेल, तर 74 व्या कलमाप्रमाणे ती रक्कम कमाल मर्यादा ठरते. आणि येथे ती मर्यादा, परत मिळणाऱ्या सहा लाखांवर फक्त एक लाख. शिवाय विक्रेता असाही युक्तिवाद करू शकतो की दुप्पट रक्कम देऊन मोकळे होण्याचा पर्याय करारानेच मला दिला आहे. विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या 23 व्या कलमाप्रमाणे अशी रक्कम वचनपूर्तीला बळ यावे म्हणून लिहिली आहे की वचनाच्या ऐवजी, याचा शोध न्यायालय करारातील शब्दांतूनच घेते. म्हणून ते वाक्य काढून टाकावे. आणि राहूच द्यायचे असेल, तर "या रकमेमुळे खरेदीखत करून घेण्याच्या हक्कास बाध येणार नाही" असे त्यास जोडून लिहावे.

इसार आणि किमतीपैकी दिलेली रक्कम यांत कायदा भेद करतो, हेही येथेच सांगितले पाहिजे. इसार म्हणजे वचनाची खूण. व्यवहार पुरा झाला की तो किमतीत वळता होतो, खरेदीदाराच्या दोषाने मोडला तर बुडतो, विक्रेत्याच्या दोषाने मोडला तर परत येतो. फत्तेचंद विरुद्ध बालकिशनदास या 1963 च्या प्रसिद्ध निकालात दिल्लीच्या एका बंगल्यापोटी एक हजार इसाराचे आणि 24 हजार किमतीपैकी दिलेले होते. चूक खरेदीदाराची असूनही न्यायालयाने हजार रुपयेच इसार मानले आणि 24 हजारांना तो नियम लावला नाही. आपल्या उदाहरणात विक्रेत्याने सहाही लाखांना "इसार" असे लिहून घेतले असते, तर उद्या खरेदीदाराच्या हातून चूक झाल्यास सहाही लाखांवर त्याने बोट ठेवले असते. पावतीत दोन रकमा दोन नावांनी लिहाव्यात. विक्रेता फिरल्यास मात्र या रकमेचा खरेदीदाराला एक आधारही आहे: मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या 55 व्या कलमानुसार दिलेल्या मोबदल्यापुरता त्याचा बोजा त्या मिळकतीवर राहतो.

आता विक्रेता फिरल्यानंतरच्या दिवसांकडे येऊ. सर्वसाधारण खरेदीदार या काळात मध्यस्थाच्या घरी खेपा घालतो, गावातील वडीलधाऱ्यांना मध्ये घालतो, आणि तोंडी आश्वासनांवर वर्ष काढतो. दावा आणण्याची मुदत तीन वर्षांची आहे, आणि साठेखतात दिनांक ठरलेला असेल तर ती त्या दिनांकापासून मोजली जाते. पण मुदतीत दावा आला म्हणजे तो मंजूर झालाच असे नव्हे. के. एस. विद्यानादम यांच्या 1997 च्या प्रकरणात 60 हजारांच्या घराचा करार होता, पाच हजार दिलेले होते, मुदत सहा महिन्यांची होती. खरेदीदार अडीच वर्षे स्वस्थ बसला, दरम्यान भाव तिपटीच्या घरात गेला, आणि न्यायालयाने खरेदीखताचा हुकूम नाकारला. कायद्याला हवी असते ती खरेदीदाराची तयारी आणि इच्छा, आणि तीही कराराच्या दिवसापासून निकालापर्यंत अखंड. म्हणून सहा महिने संपण्यापूर्वीच वकिलामार्फत पोच मिळेल अशा टपालाने सूचना पाठवावी: 24 लाख तयार आहेत, अमुक दिवशी अकरा वाजता दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात मी हजर राहीन, आपण यावे. त्या दिवशी खरोखर जावे, मुद्रांकाची तजवीज करून जावे, आणि हजर राहिल्याचा पुरावा ठेवावा. रक्कम न्यायालयात भरण्याची गरज न्यायालयाने सांगितल्याखेरीज नसते. परंतु ती उभी करण्याची ऐपत होती हे बँकेचे उतारे किंवा कर्जमंजुरीचे पत्र यांवरून दिसले पाहिजे. दाव्यात खरेदीखताची मागणी करताना, ते न मिळाल्यास रक्कम परत आणि नुकसानभरपाई, अशी पर्यायी मागणीही स्पष्ट लिहावी. मागितल्यावाचून न्यायालय ती देत नाही.

याहून मोठे संकट तिसऱ्या माणसाचे. फिरलेला विक्रेता 40 लाखवाल्याला खरेदीखत करून देतो, आणि तो म्हणतो की मला पूर्वीच्या कराराची कल्पनाच नव्हती. मोबदला देऊन, सद्भावाने, पूर्वकराराची माहिती नसताना घेणाऱ्याला कायदा संरक्षण देतो. येथे नोटरीपुढे केलेले साठेखत आणि नोंदवलेले साठेखत यांतील अंतर कळते. नोंदवलेला दस्त सूची क्रमांक 2 मध्ये शोध घेणाऱ्यास दिसतो आणि नोंदणी ही कायद्याने सर्वांना दिलेली सूचना मानली जाते. नोटरीचा शिक्का कोणालाच काही सांगत नाही. अनोंदित साठेखतावरही खरेदीखतासाठी दावा आणता येतो, हे खरे; पण कबजा घेतला असेल तर त्या कबज्याचे संरक्षण 2001 नंतर नोंदणीशिवाय मिळत नाही. कबजा देणाऱ्या साठेखतास महाराष्ट्रात खरेदीखताइतकाच मुद्रांक लागतो, या भीतीने लोक नोंदणी टाळतात. वस्तुतः तो भरलेला मुद्रांक पुढे खरेदीखतात वळता होतो.

उरण-पनवेलकडे याला आणखी एक पदर आहे. साडेबारा टक्के योजनेतील भूखंड भाडेपट्ट्याचे असतात, त्यांच्या हस्तांतरणास सिडकोची परवानगी लागते. आणि भूखंडाचे वाटप होण्यापूर्वीच केलेल्या साठेखतात क्रमांक नसतो, चतुःसीमा नसतात, कित्येकदा सर्व वारसांच्या सह्याही नसतात. बहिणीची सही नसेल, तर भाऊ स्वतःच्या हिश्शापुरताच बांधला जातो. असा विक्रेता फिरला, की न्यायालयापुढे अंमलात आणण्याजोगे निश्चित असे फार थोडे उरते. इसार देण्यापूर्वी वारसांची यादी आणि परवानगीची स्थिती पाहणे, आणि परवानगी कोणी, किती दिवसांत आणायची हे करारात लिहिणे, हाच यावर उपाय आहे.

शेवटी, दावा दाखल करणाऱ्या प्रत्येक खरेदीदारास एक विनंती. दावा चालू असता झालेली विक्री दाव्याच्या निकालास बांधील राहते, हा मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या 52 व्या कलमाचा नियम सर्वत्र शिकवला जातो; परंतु आपल्याकडे 1939 च्या मुंबई दुरुस्तीमुळे हे संरक्षण मिळण्यासाठी दावा प्रलंबित असल्याची सूचना दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी लागते. दावा दाखल झाला की वकिलाला प्रथम हेच विचारा, आणि ती नोंद विनाविलंब करून घ्या.