पैसे घेण्यासाठी सही लागत नाही
क्यूआर संकेताद्वारे होणारी फसवणूक आणि ती ओळखण्याची रीत

पैसे घेणाराने सही करावी, ही आपल्या व्यवहारातील फार जुनी रीत आहे. मनीऑर्डर घेऊन आलेला पोस्टमन आधी सही किंवा अंगठा घेतो व मग रक्कम हाती देतो. धनादेश वटविणारा त्याच्या पाठीवर नाव लिहितो. पगार घेताना नोंदवहीत सही होते. घरपोच आलेले पार्सल घेतानाही हल्ली आपल्या मोबाईलवर आलेला क्रमांक सांगावा लागतो. घेणाराने आपली ओळख पटवून द्यावयाची, ही गोष्ट अशा रीतीने आपल्या अंगवळणी पडली आहे. मोबाईलवरून होणाऱ्या यूपीआय व्यवहारात मात्र ही रीत नेमकी उलटी आहे. तेथे सही करतो तो देणारा. घेणाराला काहीच करावे लागत नाही. क्यूआर संकेत दाखवून लोकांना लुबाडणारे ठग या दोन रीतींमधील अंतराचाच फायदा घेत असतात.

एक उदाहरण

२०२१ सालच्या फेब्रुवारी महिन्यात दिल्लीतील एका तरुणीने आपला जुना सोफा विकण्यासाठी जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीच्या एका संकेतस्थळावर जाहिरात दिली. एका माणसाने तो विकत घेण्याची तयारी दर्शविली. खाते बरोबर आहे की नाही हे पाहण्याच्या निमित्ताने त्याने प्रथम एक अल्पशी रक्कम पाठविली. ती खरोखरच तिच्या खात्यात जमा झाली. त्यानंतर ठरलेली रक्कम मिळावी म्हणून त्याने एक क्यूआर संकेत पाठविला व तो मोबाईलने वाचण्यास सांगितले. तिने तसे करताच खात्यात भर पडण्याऐवजी वीस हजार रुपये वजा झाले. आपल्याकडून चुकून भलताच संकेत गेला, असे सांगून त्याने पुन्हा तीच क्रिया करावयास लावली. तेव्हा आणखी चौदा हजार रुपये गेले. एकूण हानी चौतीस हजारांची झाली.

ही तरुणी सुशिक्षित होती व तिचे खाते कोणी फोडलेले नव्हते. बँकेची यंत्रणाही बिघडलेली नव्हती; उलट तिने दिलेली आज्ञा त्या यंत्रणेने अचूक पाळली. फसवणूक झाली ती आज्ञेच्या अर्थाविषयी. असे का घडू शकते हे समजण्यासाठी त्या चौकोनी चित्रात काय असते ते पाहिले पाहिजे.

संकेताच्या पोटात काय असते?

क्यूआर संकेत १९९४ साली जपानमधील डेन्सो या कंपनीत मासाहिरो हारा यांनी तयार केला. मोटारींच्या सुट्या भागांची नोंद जलद घेता यावी, हा त्याचा मूळ हेतू होता. काळ्या व पांढऱ्या लहान घरांच्या मांडणीतून त्यात अक्षरे व अंक साठविलेले असतात. तीन कोपऱ्यांतील मोठे चौकोन मोबाईलला चित्राची दिशा कळावी म्हणून असतात. असा संकेत म्हणजे यंत्राला वाचता येईल अशा लिपीत लिहिलेली एक चिठ्ठी होय. त्यात पैसे नसतात आणि पैसे हलविण्याची शक्तीही नसते.

दुकानाच्या फळीवर किंवा भाजीच्या गाडीवर जो यूपीआय संकेत टांगलेला असतो, त्यातील चिठ्ठी साधारणतः पुढीलप्रमाणे असते. येथील पत्ता केवळ नमुन्यादाखल आहे.

```
upi://pay?pa=abc@bank&pn=Sofa%20Kharedi&am=20000&cu=INR&tn=Refund
```

पहिल्याच शब्दात सर्व मर्म आहे: `pay`, म्हणजे ‘पैसे दे’. त्यापुढील `pa` हा पैसे घेणाराचा यूपीआय पत्ता आणि `pn` हे त्याचे नाव होय. `am` म्हणजे रक्कम, `cu` म्हणजे चलन आणि `tn` म्हणजे व्यवहाराविषयीचा शेरा. `%20` ही केवळ दोन शब्दांमधील मोकळ्या जागेची खूण आहे. या चिठ्ठीत देणाराचे नाव कोठेही नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. देणारा कोण, हे चिठ्ठी वाचणाऱ्या मोबाईलवरून ठरते. ज्याने संकेत तयार केला तो घेणारा आणि ज्याने तो वाचला तो देणारा, अशी ही मांडणी आहे. म्हणून परक्याचा संकेत आपल्या मोबाईलने वाचल्यास आपल्याला पैसे मिळतील, ही गोष्ट या रचनेतच संभवत नाही.

यातील नाव व शेरा या दोन जागा संकेत करणाराने स्वतः भरलेल्या असतात. शेऱ्याच्या जागी `Refund`, म्हणजे ‘परतावा’, असे लिहिले म्हणून रक्कम परत येत नाही. धनादेशाच्या मागे ‘ही रक्कम मला मिळावी’ असे लिहून तो दुसऱ्याच्या नावे दिला, तर पैसे दुसऱ्यालाच मिळतील, तसाच हा प्रकार आहे. संकेताखाली ठळक अक्षरांत ‘२०,००० रुपये मिळवा’ असे छापलेले असले, तरी ती अक्षरे चित्राचा भाग होत. मोबाईल ती वाचतही नाही.

रक्कम कोणत्या वाटेने जाते?

यूपीआय ही पद्धती भारतीय राष्ट्रीय भुगतान महामंडळाने, म्हणजे एनपीसीआयने, २०१६ साली सुरू केली. संकेत वाचल्यावर मोबाईल देणारासमोर नाव व रक्कम मांडतो. देणारा आपला चार किंवा सहा आकड्यांचा यूपीआय पिन टाकतो. तो पिन गुप्त लिपीत रूपांतरित होऊन महामंडळाच्या मार्गे देणाराच्या बँकेकडे जातो. बँक तो पडताळून पाहते व त्या खात्यातून रक्कम वजा करते. त्यानंतर ती घेणाराच्या बँकेत जमा होते. या साऱ्या प्रवासात घेणाराचा पिन कोठेही विचारला जात नाही. घेणाराचा मोबाईल त्या वेळी बंद असला तरीही रक्कम जमा होते.

आता दिल्लीतील प्रकरणाकडे पुन्हा पाहावे. ठगाने प्रथम जी अल्प रक्कम पाठविली, ती जमा होण्यासाठी त्या तरुणीला कोणताही संकेत वाचावा लागला नव्हता व पिनही टाकावा लागला नव्हता. ठगाने स्वतःचा पिन स्वतःच्या मोबाईलवर टाकला आणि पैसे आले. विश्वास बसावा म्हणून दिलेली ती रक्कमच त्याच्या कपटाचा पुरावा होती. पहिली रक्कम जर आपोआप येऊ शकली, तर दुसऱ्या रकमेसाठी संकेताची गरज का पडावी? हा एक प्रश्न वेळेवर मनात आला असता, तर पुढील दोन्ही व्यवहार टळले असते.

पडद्यावरील खुणा

फसवणूक ओळखण्याची खरी जागा पिन टाकण्यापूर्वीच्या पडद्यावर असते. तेथे `Pay` किंवा `Sending` असा शब्द असतो, रक्कम लिहिलेली असते आणि ज्याच्याकडे ती जाणार त्याचे नावही असते. पैसे येत असतील तर असा पडदा उघडतच नाही. ठग हे जाणून असतात. म्हणूनच ते दूरध्वनीवर सतत बोलत राहतात, एकेक कळ सांगून दाबावयास लावतात व वाचण्यास उसंत देत नाहीत. बोलणे थांबवून तो पडदा सावकाश वाचणे, हा येथे सर्वांत परिणामकारक उपाय होय.

नावाची खूण उपयोगी असली तरी तिला मर्यादा आहे. पूर्वी संकेतात लिहिलेले वाटेल ते नाव पडद्यावर उमटू शकत असे. ३० जून २०२५ पर्यंत सर्व यूपीआय ॲपांनी बँकेत नोंदलेले खरे नावच दाखवावे, असा आदेश महामंडळाने काढला. त्यामुळे सोंग उघडे पडण्यास मदत होते. परंतु ठग बहुधा दुसऱ्या कोणाचे तरी खाते वापरतात. तेव्हा नाव खऱ्या माणसाचे असले, तरी तो व्यवहार खरा ठरत नाही.

पिनची खूणही आता पूर्वीइतकी निरपवाद राहिलेली नाही. यूपीआय लाइट या सोयीत लहान रकमा पिन न टाकताच दिल्या जातात. ऑक्टोबर २०२५ पासून ठराविक मर्यादेपर्यंत बोटाचा ठसा किंवा चेहरा दाखवूनही व्यवहारास संमती देता येते. म्हणून ‘पिन टाकला नाही, तर पैसे जाणार नाहीत’ एवढ्यावर विसंबू नये. पिन, ठसा व चेहरा या तिन्ही सह्याच आहेत, आणि सही ही देण्यासाठी असते.

याच जातीचा दुसरा एक प्रकार पूर्वी फार चालत असे. ठग ‘पैसे पाठवा’ अशी मागणी समोरच्याच्या मोबाईलवर धाडीत आणि ती स्वीकारल्यास पैसे मिळतील असे भासवीत. व्यक्तीने व्यक्तीकडे अशी मागणी पाठविण्याची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यात आली. क्यूआर संकेताचा मार्ग मात्र तसा बंद करता येत नाही. कारण तेथे व्यवहाराचा आरंभ देणाराच करतो, आणि दुकानदाराचा प्रामाणिक संकेत व ठगाचा संकेत यांच्या घडणीत काहीही भेद नसतो. काही एटीएम यंत्रांवर संकेत वाचून व पिन टाकून रोख रक्कम मिळते, हा अपवाद वाटेल. वस्तुतः तेथेही आपल्याच खात्यातून रक्कम वजा होत असते. फक्त ती नोटांच्या रूपाने हाती येते.

विक्रेत्याने काय करावे?

वस्तू विकणाराने आपला यूपीआय पत्ता किंवा आपलाच क्यूआर संकेत ग्राहकाला द्यावा. तो वाचण्याचे काम ग्राहकाचे. ग्राहक यास नकार देऊन स्वतःचाच संकेत पुढे करू लागला, आपल्या खात्याचा किंवा कचेरीचा काही विशेष नियम सांगू लागला, तर व्यवहार तेथेच थांबवावा. पैसे आल्याची खात्री ग्राहकाने पाठविलेल्या चित्रावरून किंवा संदेशावरून करू नये. आपल्या खात्यातील शिल्लक स्वतः पाहावी. शिल्लक पाहताना पिन लागतो. परंतु ती क्रिया आपण आपल्या ॲपमध्ये आपणहून केलेली असते.

रक्कम गेलीच, तर वेळेला फार महत्त्व आहे. ठग ती काही मिनिटांतच पुढील खात्यांत वळवितात. ताबडतोब १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर कळवावे, `cybercrime.gov.in` येथे तक्रार नोंदवावी व आपल्या बँकेलाही सांगावे. व्यवहाराचा बारा आकडी संदर्भ क्रमांक, रक्कम, वेळ व घेणाराचा यूपीआय पत्ता ही माहिती जवळ ठेवावी, कारण तिच्याच आधारे पुढील खाते गोठविता येते. संमती खातेदारानेच दिलेली असल्यामुळे बँकेकडून भरपाई मिळणे कठीण जाते. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात असे ठरविले होते की, ग्राहकाच्या निष्काळजीपणाने झालेले नुकसान बँकेला कळवीपर्यंत ग्राहकाने सोसावे व कळविल्यानंतरचे बँकेने. दिल्लीतील प्रकरणात वीस हजार गेल्यानंतर दुसरा संकेत वाचण्याऐवजी बँकेला दूरध्वनी केला गेला असता, तर निदान चौदा हजार रुपये जागच्या जागी राहिले असते.