पडद्यावरचे तास, बिलातले रुपये

महिना संपला की फ्रीलान्स काम करणाऱ्यांची खरी परीक्षा सुरू होते ती बिल लिहिताना. टॉगल, क्लॉकिफाय, हार्वेस्ट अशी ॲप्स कोणत्या प्रकल्पाला किती वेळ गेला ते चोख दाखवतात. त्या पडद्याचा स्क्रीनशॉट काढायचा, ठरलेल्या दराने गुणायचं आणि बिल पाठवायचं, इतकं ते सोपं वाटतं. पैसे बुडतात ते नेमके या गुणाकारात.

समजा, पुण्यातली एक ग्राफिक डिझायनर एका कंपनीसाठी ताशी 900 रुपयांनी काम करते. जून 2025 च्या तिच्या स्क्रीनशॉटवर तीन प्रकल्प दिसतात: वेबसाइटची मांडणी 18:20, सोशल मीडिया पोस्ट 9:45 आणि ई-वार्तापत्र 4:05. घाईत ती 18:20 ला 18.20 समजून कॅल्क्युलेटरवर टाकते. पण 20 मिनिटं म्हणजे तासाचा तिसरा हिस्सा, म्हणजे 0.33. तिन्ही ओळींत हीच चूक झाली तर बिल होतं 28,530 रुपयांचं आणि खरी रक्कम असते 28,950. चारशेवीस रुपये हवेत जातात.

ही चूक पकडायची खूण पडद्यावरच असते. ॲपमधली एकूण बेरीज 32:10 आहे. तिने टाकलेल्या आकड्यांची बेरीज मात्र 31.70 येते. दोन्ही जुळत नाहीत, म्हणजे मिनिटांना दशांश समजलं गेलंय.

दशांशात नीट रूपांतर केलं तरी थोडं गळतंच. 18.33 आणि 4.08 असे दोनच अंक धरले तर एकूण सहा रुपये कमी येतात. त्यापेक्षा मिनिटांचा हिशोब बरा. ताशी 900 म्हणजे मिनिटाला 15 रुपये. 18 तास 20 मिनिटं म्हणजे 1,100 मिनिटं, त्याचे 16,500 रुपये. कुठेही अपूर्णांक उरत नाही.

गुणाकाराआधी स्क्रीनशॉटही एकदा नीट वाचावा लागतो. वर तारखांची निवड ‘हा महिना’ आहे की ‘हा आठवडा’? शेवटची ओळ पडद्याखाली राहून गेली नाही ना? दिसणाऱ्या ओळींची बेरीज एकूण आकड्याशी जुळते का? अनेकदा प्रकल्पाचं नाव न देता टायमर सुरू झालेला असतो आणि तो वेळ वेगळ्या ओळीत पडून असतो. तो कोणत्या कामाचा हे नोंदी उघडून ठरवायचं, अंदाजाने कुठल्याही प्रकल्पात ढकलायचा नाही. बिल बनवण्यात गेलेला स्वतःचा वेळ तर ग्राहकाकडून मागायचाच नाही.

वाद होतो तो पूर्णांकनावरून. पाव तासापर्यंत वर नेऊन आकारणी करण्याची पद्धत आहे, पण ती प्रत्येक नोंदीला लावायची की एकूण वेळेला? सहा-सहा मिनिटांचे तीन फोन झाले तर एकूण 18 मिनिटं होतात. प्रत्येक फोन 15 मिनिटांचा धरला तर 45 मिनिटांचं बिल लागतं, एकूण वेळ वर नेला तर 30 मिनिटांचं. दर ठरवतानाच हा नियमही लेखी ठरलेला असला, तरच तो लावावा. नसेल तर मिनिटागणिक आकारणी ग्राहकालाही तपासता येते.

या सगळ्यातून बिलाचा मजकूर असा उतरतो:

बिल क्र. 2025-07, दिनांक 1 जुलै 2025
कामाचा कालावधी: 1 ते 30 जून 2025
दर: ताशी ₹900, 12 मे 2025 च्या ईमेलप्रमाणे
वेबसाइटची मांडणी: 18 तास 20 मिनिटे, ₹16,500
सोशल मीडिया पोस्ट: 9 तास 45 मिनिटे, ₹8,775
ई-वार्तापत्र: 4 तास 5 मिनिटे, ₹3,675
एकूण: 32 तास 10 मिनिटे, ₹28,950
पैसे देण्याची मुदत: 15 जुलै 2025

खाली पॅन आणि बँक खात्याचा तपशील. दर कुठे ठरला त्या ईमेलची तारीख दिली की हिशोब खात्यातल्या माणसाला विचारपूस करावी लागत नाही. स्क्रीनशॉट पुरावा म्हणून सोबत जोडायचा असेल तर दुसऱ्या ग्राहकांची नावं आधी कापून टाकायची. जीएसटीची नोंदणी नसेल, तर बिलात तो कर लावता येत नाही.

खात्यात जमा होणारी रक्कम मात्र वेगळी असू शकते. वर्षभरात त्या कंपनीकडून मिळालेलं व्यावसायिक मानधन 50,000 रुपयांच्या वर गेलं, की कंपनी 10 टक्के टीडीएस कापते. या बिलावर ती कपात 2,895 रुपयांची होते आणि हातात 26,055 येतात. तरीही बिलात पूर्ण 28,950 च लिहायचे, कारण कापलेला कर विवरणपत्र भरताना तिच्या नावावर धरला जातो. पॅन द्यायचा राहिला तर हीच कपात 20 टक्के होते, म्हणजे 5,790 रुपये.