अपिलाची मुदत गेली, आता विलंब माफीचा अर्ज कसा लिहायचा?

रायपूरहून मी पुन्हा तुमच्याशी बोलतो आहे. मागच्या भागानंतर जबलपूर, बेळगाव, सुरत अशा ठिकठिकाणच्या मराठी मंडळींनी जवळजवळ एकच प्रश्न विचारला: आयकराचा आदेश आला होता हे आम्हाला उशिरा कळलं, तीस दिवस केव्हाच संपले, आता काय? आज तेवढंच बघू.

कायदा आधी थोडक्यात. आयकर कायदा 1961 च्या कलम 249 प्रमाणे मागणीची नोटीस बजावल्यापासून तीस दिवसांत आयुक्त (अपील) यांच्याकडे अपील करायचं. त्याच कलमाच्या पोटकलम 3 मध्ये म्हटलं आहे की उशिराला ‘पुरेसं कारण’ होतं अशी आयुक्तांची खात्री झाली, तर ते मुदतीनंतरही अपील दाखल करून घेऊ शकतात. (1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा लागू झाला आहे, त्यात कलमांचे आकडे वेगळे आहेत. तुमचा आदेश कुठल्या कायद्याखालचा आहे ते बघून आकडा लिहा.) उशीर किती दिवसांपर्यंत माफ होईल याची वरची मर्यादा इथे नाही. सगळा भार ‘पुरेसं कारण’ या दोन शब्दांवर आहे.

आता एक प्रकरण सांगतो. माणूस ओळखू येऊ नये म्हणून तपशील बदलले आहेत. मूळचे गोंदियाचे, गुढियारीत धान्याची आडत करणारे एक गृहस्थ. खात्यात जमा झालेली सगळी रोकड त्यांचं उत्पन्न धरली गेली. वास्तविक ती शेतकऱ्यांची होती, यांची फक्त आडत. आदेश आणि मागणीची नोटीस 26 मार्च 2024 ला ईमेलवर गेली. तो ईमेल त्यांच्या आधीच्या कर सल्लागाराचा होता आणि त्या सल्लागाराने काम बंद केलं होतं. यांना पत्ता लागला तो 2 ऑगस्टला, धनादेश परत आला तेव्हा. बँक म्हणाली, खात्यावर आयकराची जप्ती आहे.

अपील दाखल झालं 18 सप्टेंबरला. तर उशीर किती? बजावणीचा दिवस सोडायचा आणि 27 मार्चपासून मोजायचं. तिसावा दिवस येतो 25 एप्रिल. म्हणून 26 एप्रिल ते 18 सप्टेंबर, म्हणजे 146 दिवस. हा आकडा अर्जात बरोबर हवा. ‘सुमारे पाच महिने’ असं लिहिलेले अर्ज मी पाहिले आहेत. ज्याला स्वतःचा उशीर मोजता आला नाही, त्याच्या कारणावर अधिकाऱ्याने का विश्वास ठेवावा?

या गृहस्थांचं पहिलं म्हणणं होतं, ‘मला नोटीस मिळालीच नाही, तेव्हा बजावणीची तारीख 2 ऑगस्ट लिहा.’ इथेच बरेच जण घसरतात. पोर्टलवर नोंदवलेला ईमेल कुणाचाही असला तरी खात्याच्या दृष्टीने तो तुमचाच आहे, आणि त्यावर गेलेली नोटीस बजावली गेली असंच धरलं जाण्याची शक्यता मोठी. तारीख बदलून लिहिलीत आणि ती मान्य झाली नाही, की हातात काहीच उरत नाही, कारण माफी तर मागितलेलीच नसते. त्यापेक्षा बजावणी 26 मार्चचीच लिहायची आणि ती आपल्यापर्यंत का पोचली नाही हे उशिराचं कारण म्हणून सांगायचं. फॉर्म 35 मध्ये रकाना 14 विचारतो, अपिलाला उशीर झाला आहे का? तिथे ‘हो’. मग रकाना 15 मध्ये पाचशे शब्दांच्या आत कारणं, आणि सविस्तर अर्ज, शपथपत्र व पुरावे सोबत जोडायचे. कुणी आधीच ‘नाही’ लिहून बसलं असेल, तर अपील केंद्राच्या पुढच्या नोटिशीला उत्तर देताना अर्ज अवश्य जोडावा. आपण होऊन कुणी माफी देत नाही.

अर्जाचा गाभा म्हणजे 146 दिवसांचे तुकडे. प्रत्येक तुकड्याला त्याचं स्वतःचं कारण आणि त्याचा स्वतःचा कागद.

पहिला तुकडा 26 एप्रिल ते 2 ऑगस्ट, 99 दिवस: आदेशाची माहितीच नव्हती. याला पोर्टलवरच्या प्रोफाइलचं छायाचित्र जोडलं, ज्यात जुन्या सल्लागाराचा ईमेल दिसतो. त्या सल्लागाराने ‘निरोप कळवला नाही’ असं दोन ओळींचं पत्र दिलं. ते मिळवायला थोडं अवघड जातं, पण अशा पत्राला वजन असतं.

दुसरा तुकडा 3 ते 24 ऑगस्ट, 22 दिवस. 5 तारखेला बँकेने जप्तीच्या पत्राची प्रत दिली, 6 ला हे डेंग्यूने रुग्णालयात, 13 ला घरी, पुढे 24 पर्यंत विश्रांतीचा सल्ला. कागद: बँकेची पोच आणि डिस्चार्ज कार्ड. नुसतं ‘प्रकृती बरी नव्हती’ असं नंतर लिहून घेतलेलं प्रमाणपत्र कमकुवत पडतं, कारण त्यात दाखल होण्याच्या तारखा नसतात.

तिसरा तुकडा 25 ऑगस्ट ते 18 सप्टेंबर, 25 दिवस. लोक हाच विसरतात. ‘आदेश 2 ऑगस्टला कळला’ इथे अर्ज थांबतो आणि पुढचे दीड महिने कोरे राहतात. यांच्या बाबतीत पोर्टलचा पासवर्ड बदलायला ओटीपी हवा होता आणि आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक बंद झाला होता. 29 ऑगस्टला आधार केंद्रात नवा क्रमांक दिला, 9 सप्टेंबरला ओटीपी आला, त्याच दिवशी आदेश हाती लागला. आधार केंद्राची पावती जोडली. उरलेले नऊ दिवस अपिलाची कारणं लिहिण्यात गेले, आणि तसंच साधेपणाने लिहिलं.

तीन तुकड्यांची बेरीज 146 येते ना, हे शेवटी पडताळा. हल्ली सुनावणी चेहराविरहित असते. समोर बसून समजावण्याची सोय नाही, कागद बोलेल तेवढंच. या अर्जावर उशीर माफ झाला आणि अपील दाखल करून घेतलं गेलं. रक्कम कुणाची, हा खरा वाद त्यानंतर सुरू झाला.

रायपूरचं एक प्रकरण सर्वांना उपयोगी आहे. इथल्या आयकर अपिलीय न्यायाधिकरणाने अंबिकापूरच्या एका करदात्याचा 166 दिवसांचा उशीर माफ केला नाही, छत्तीसगड उच्च न्यायालयानेही तेच कायम ठेवलं. सर्वोच्च न्यायालयाने 31 जानेवारी 2025 ला ते उलटवलं आणि अशा वेळी उदार, न्यायाकडे झुकणारी दृष्टी हवी होती असं म्हटलं. हा निवाडा अर्जात जरूर लिहा, पण शेवटच्या परिच्छेदात. आधी तारखा. निवाड्यांनी चार पानं भरलेला आणि एकही पुरावा नसलेला अर्ज माझ्या मते अर्धा हरलेलाच असतो.

एक सावधगिरी जीएसटीवाल्यांसाठी. तिथे कलम 107 प्रमाणे मुदत तीन महिन्यांची आहे आणि अपील अधिकारी फार तर आणखी एक महिना माफ करू शकतो. त्यापुढे कारण कितीही खरं असलं तरी त्याला अधिकारच नाही. तिथे हा अर्ज चालत नाही, उच्च न्यायालयाचा विचार करावा लागतो. आमच्यासाठी ते बिलासपूरला.

आयुक्तांनी अर्ज फेटाळला तर न्यायाधिकरणात काय मांडायचं, ते पुढच्या भागात.