दोन हजार भरले, पण फ्रिजचं देणं वाढलं

सांगलीतल्या एका प्राथमिक शाळेतल्या बाईंचं उदाहरण घेऊ. उदाहरण काल्पनिक आहे, पण त्यातले आकडे कुणाच्याही बिलात सापडतील असे आहेत. पाडव्याच्या सुमारास, २० मार्चला, बाईंनी क्रेडिट कार्डावर ४०,००० रुपयांचा फ्रिज घेतला. दुकानदार म्हणाला, ‘पन्नास दिवस व्याज नाही.’ १५ एप्रिलला स्टेटमेंट आलं. ‘टोटल अमाउंट ड्यू’ ४०,०००, ‘मिनिमम अमाउंट ड्यू’ २,००० आणि ‘पेमेंट ड्यू डेट’ ५ मे. त्या महिन्यात मुलाची फी भरायची होती, म्हणून बाईंनी ५ मेला २,००० रुपये भरले. उरलेले ३८,००० पुढच्या महिन्यात देऊ, महिन्याभराचं थोडं व्याज पडेल, असा त्यांचा हिशेब होता.

१५ मेच्या स्टेटमेंटमध्ये फ्रिजपोटी त्यांचं देणं ४०,९४१ रुपये झालं होतं. दोन हजार भरूनही ते मूळ किमतीपेक्षा ९४१ रुपयांनी जास्त होतं.

यात बँकेची चूक नाही आणि कुणी फसवलेलंही नाही. हे कसं झालं, ते स्टेटमेंटवरच्या तीन-चार ओळींत लिहिलेलं असतं. ते कळायला आधी त्या ‘पन्नास दिवसां’चा अर्थ नीट समजून घ्यावा लागतो.

बाईंच्या कार्डाचं स्टेटमेंट दर महिन्याच्या १५ तारखेला निघतं. म्हणजे १६ मार्च ते १५ एप्रिल या काळातल्या सगळ्या खरेद्या एका बिलात येतात आणि त्यानंतर पैसे भरायला २० दिवस मिळतात. १६ मार्चला केलेल्या खरेदीचे पैसे ५ मेला द्यायचे, म्हणजे तिला ५० दिवस मिळाले. तीच खरेदी १५ एप्रिलला केली असती तर फक्त २० दिवस मिळाले असते. फ्रिजला ४६ दिवस मिळाले. जाहिरातीत ‘५० दिवसांपर्यंत’ असं छापलेलं असतं. त्यातल्या ‘पर्यंत’ या शब्दाचा अर्थ हा. मुदत खरेदीच्या तारखेवर ठरते, आणि स्टेटमेंट निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी केलेल्या खरेदीलाच ती पूर्ण मिळते. म्हणून मोठी वस्तू घेण्याआधी आपल्या कार्डाची स्टेटमेंटची तारीख पाहिली, तर दोन-तीन दिवस थांबून महिनाभराची जास्त मुदत पदरात पडू शकते. ही तारीख गैरसोयीची असेल तर ती बदलून मागण्याचा हक्कही रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनी कार्डधारकाला दिला आहे.

ही सवलत मात्र सशर्त आहे. बिलाची संपूर्ण रक्कम ड्यू डेटपर्यंत भरली, तरच आधीचे दिवस बिनव्याजी ठरतात. बाकी ठेवली, तर त्या बाकीवर व्याज सुरू होतं. ते ५ मेपासून नव्हे, २० मार्चपासून, म्हणजे कार्ड स्वाइप केलं त्या दिवसापासून. बाईंचा अंदाज चुकला तो इथे. त्यांच्या मनात व्याजाचं घड्याळ ड्यू डेटला सुरू होत होतं. प्रत्यक्षात ते फ्रिज दुकानाबाहेर पडला तेव्हापासून चालू होतं आणि पूर्ण पैसे भरले असते तर बँकेने तो सगळा काळ माफ केला असता.

आता १५ मेच्या स्टेटमेंटमधली ‘फायनान्स चार्जेस’ ही ओळ पाहू. कार्डाचा व्याजदर दरमहा ३.५ टक्के आहे. भारतातल्या बऱ्याच कार्डांचा दर याच्या आसपास असतो. साडेतीन हा आकडा लहान वाटतो, पण तो महिन्याचा आहे. बाराने गुणलं की वर्षाला ४२ टक्के होतात. गृहकर्जाचे किंवा सोनेतारण कर्जाचे दर वर्षाचे सांगितले जातात आणि कार्डाचा दर महिन्याचा, त्यामुळे तुलना करताना माणूस हमखास चुकतो. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये ३० टक्क्यांवरचं कार्डव्याज अनुचित ठरवलं होतं. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. त्यामुळे आज आपल्या कार्डाचा वार्षिक दर किती, हे ज्याने त्याने पाहून घ्यायला हवं. स्टेटमेंटवर तो छापलेला असतो.

व्याज रोजच्या हिशेबाने लागतं. उरलेली रक्कम गुणिले दिवस, गुणिले वार्षिक दर, भागिले ३६५. बाईंची बाकी ३८,०००. २० मार्च ते १५ मे, दोन्ही तारखा धरून, ५७ दिवस होतात. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर हा गुणाकार केला की २,४९२ रुपये येतात. व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, ते ४४९ रुपये. ३८,००० मध्ये हे दोन्ही मिळवले की ४०,९४१ होतात. बाईंनी मनात धरलेलं व्याज एका महिन्याचं, म्हणजे १,३३० रुपये होतं. करासकट प्रत्यक्षात लागलेला आकडा त्याच्या दुपटीहून जास्त आहे.

शेवट इथे होत नाही. २० एप्रिलला बाईंनी त्याच कार्डावर ६,००० रुपयांचा किराणा भरला होता. ही खरेदी नव्या बिलातली, तिची ड्यू डेट जूनमध्ये, म्हणजे तिला बिनव्याजी मुदत मिळायला हवी असं कुणालाही वाटेल. पण मागच्या बिलाची एक रुपयाही बाकी राहिली की नव्या खरेदीची बिनव्याजी मुदतही जाते. किराण्यावर २० एप्रिलपासूनच व्याज चढलं. २६ दिवसांचे १८० रुपये आणि त्यावर कर. रक्कम मोठी नाही, पण बाकी चालू असताना केलेला चहा-बिस्किटांचा खर्चसुद्धा पहिल्या दिवसापासून ४२ टक्क्यांनी चालू लागतो, हे बहुतेकांना माहीत नसतं. ग्राहकाला ही गोष्ट उदाहरणासह समजावून सांगावी, असं रिझर्व्ह बँकेने कार्ड देणाऱ्यांना बजावलेलं आहे. तो मजकूर कार्डासोबत येणाऱ्या अटींच्या पत्रकात असतो, आणि ते पत्रक पाकिटातच राहतं.

स्टेटमेंट आता पूर्ण वाचता येतं. मागची बाकी ४०,०००. भरणा २,०००, या आकड्यापुढे ‘सीआर’ लिहिलेलं असतं, म्हणजे ती रक्कम जमा. नवी खरेदी ६,०००. फायनान्स चार्जेस २,६७२. जीएसटी ४८१. एकूण देणं ४७,१५३ रुपये. वरून खाली बेरीज-वजाबाकी केली की हा आकडा जुळायलाच हवा. जुळला नाही, तर मधली एखादी ओळ आपण वाचायची राहिली असं समजावं. बहुधा ते एखादं शुल्क, विम्याचा हप्ता किंवा आपण न केलेला व्यवहार असतो. अशा वेळी लगेच बँकेला कळवावं.

आता ‘मिनिमम अमाउंट ड्यू’. या शब्दांनी जेवढा गैरसमज केला आहे तेवढा दुसऱ्या कुठल्या ओळीने केला नसेल. किमान रक्कम भरली की उशिराचा दंड लागत नाही आणि खातं थकीत दिसत नाही. तिचा उपयोग इतकाच. व्याज थांबवण्याशी तिचा संबंध नाही. बऱ्याच बँका ही रक्कम खरेदीच्या बाकीचे सुमारे पाच टक्के, अधिक व्याज, शुल्क आणि कर अशी काढतात. पहिल्या बिलात व्याज नव्हतं म्हणून बाईंना २,००० दिसले. दुसऱ्या बिलात त्याच सूत्राने ती ५,३५३ झाली, आणि त्यातले ३,१५३ रुपये नुसते व्याज आणि कर होते. फ्रिजचं आणि किराण्याचं मूळ देणं त्यातून फक्त २,२०० रुपयांनी फिटणार. किमान रक्कमच भरत राहिलात तर फेड महिनोन्महिने, वर्षानुवर्षं लांबेल, असा इशारा स्टेटमेंटवर छापणं बंधनकारक आहे. तो बारीक अक्षरात का होईना, असतो.

ड्यू डेट चुकली तर दंडासाठी तीन दिवसांची सवलत आहे. पेमेंट तीन दिवसांहून जास्त थकलं तरच उशिराचा आकार लावता येतो आणि क्रेडिट ब्युरोला कळवता येतं. पण बिनव्याजी मुदत ड्यू डेटशीच बांधलेली आहे. दंड वाचला म्हणजे व्याज वाचलं असं धरू नये. एटीएममधून कार्डावर रोख काढली, तर बिनव्याजी मुदत मुळातच नसते. काढल्या दिवसापासून व्याज, वर वेगळं शुल्क.

बाईंनी जूनमध्ये धीर करून सगळे पैसे भरले. ड्यू डेट ४ जून, त्याच दिवशी ४७,१५३ रुपये. मधल्या काळात कार्डावर एकही खरेदी नाही. तरी १५ जूनच्या स्टेटमेंटमध्ये पुन्हा ‘फायनान्स चार्जेस’ आले: खरेदीची बाकी ४४,०००, तिचे १६ मे ते ३ जून असे १९ दिवस, व्याज ९६२ आणि कर १७३. पूर्ण भरूनही व्याज कसलं, म्हणून बहुतेक लोक इथे कस्टमर केअरला फोन लावतात. कारण सरळ आहे. १५ मेचं बिल १५ मेपर्यंतचंच व्याज मोजून थांबलं होतं आणि पैसे पोचले ४ जूनला. मधले दिवस पुढच्या बिलात येणारच.

म्हणून एकदा बाकी राहिली की ड्यू डेटची वाट पाहण्यात तोटाच असतो. बाईंनी तेच पैसे १८ मेला भरले असते, तर व्याज १९ दिवसांऐवजी दोन दिवसांचं, म्हणजे सुमारे १०१ रुपये लागलं असतं. पगार झाल्या दिवशी जमेल तेवढी रक्कम टाकावी, मग राहिलेली टाकावी. कार्डात महिन्यातून कितीही वेळा पैसे भरता येतात. तोवर रोजचा खर्च यूपीआयने बँक खात्यातून किंवा रोखीने करावा, म्हणजे नव्या खरेदीवर व्याज चढत नाही. रक्कम खरोखरच आवाक्याबाहेरची असेल, तर ड्यू डेट येण्याआधीच ती हप्त्यांत बदलून मागता येते. त्यातही व्याज असतं, त्यावर जीएसटी असतो आणि बहुधा प्रक्रिया शुल्कही. पण तो दर साधारणपणे ४२ टक्क्यांहून बराच कमी असतो आणि किती हप्ते, किती मुद्दल, किती व्याज हे बँकेला आधी सांगावं लागतं.

बाईंनी १५ जूनचे ते १,१३५ रुपये स्टेटमेंट आल्याच्या दुसऱ्या दिवशी भरून टाकले. १५ जुलैच्या बिलात ‘फायनान्स चार्जेस’ ही ओळ नव्हती. १६ जुलैला त्यांनी कार्डावर मिक्सर घेतला, ४ ऑगस्टला नव्हे तर सप्टेंबरच्या सुरुवातीला पैसे द्यायचे म्हणून.