मैदानापूर्वीची कॉफी
लेखमाला : भरतीची मैदानी तयारी (लेखांक ७)

पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर धावावं लागतं आणि एक मैल म्हणजे १६०९ मीटर. नऊ मीटर सोडले तर अंतर तेच. म्हणून ‘ग्राउंडच्या आधी कॉफी घ्यावी का?’ असं कुणी विचारलं की मला मैलाच्या शर्यतीवरचा एक प्रयोग सांगावासा वाटतो. ब्रिटनमधले संशोधक नील क्लार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. तेरा सरावातल्या धावपटूंना त्यांनी वेगवेगळ्या दिवशी मैलभर पळवलं. शर्यतीच्या एक तास आधी एकदा नेहमीची कॉफी दिली, एकदा कॅफिन काढून टाकलेली कॉफी दिली आणि एकदा नुसतंच फसवं पेय दिलं. फसव्या पेयावर सरासरी वेळ आली ४ मिनिटं ४१ सेकंद, कॅफिन नसलेल्या कॉफीवर ४:३९ आणि खऱ्या कॉफीवर ४:३५.

कॅफिनचा म्हणून जो फायदा आहे तो एवढाच, साधारण चार सेकंदांचा. टक्क्यांत मांडला तर सव्वा टक्क्याच्या आसपास. सहा मिनिटांत १६०० मीटर काढणाऱ्या मुलाला याच हिशेबानं चार-पाच सेकंद मिळतील. वेळेवर गुण ठरतात तिथे हे सेकंद फुकट घालवू नयेत, हे खरं. पण सहा मिनिटांचा मुलगा कॉफी पिऊन सव्वापाच मिनिटांत येईल असं कुणी सांगत असेल, तर ते खोटं आहे. ते अंतर महिन्यांच्या सरावानंच कापावं लागतं.

हे सेकंद येतात कुठून, ते समजलं की पुढचे सगळे नियम आपोआप समजतात. आपण जागे असतो तोवर मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं. मज्जापेशींवरच्या ठरावीक जागांवर ते जाऊन बसलं की आपल्याला थकवा आणि झोप जाणवते. कॅफिनची घडण अ‍ॅडेनोसिनशी मिळतीजुळती असते, त्यामुळे एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी तशा त्या जागा ते धरून ठेवतं. अ‍ॅडेनोसिन असतं, पण त्याला बसायला मिळत नाही. चौथ्या राउंडला छाती भरून येते, पोटऱ्या दगड होतात, ‘आता सोडून द्यावं’ असं वाटतं. ते वाटणं कॅफिन थोडं मागे ढकलतं. त्यानं नवी ताकद येत नाही. असलेली ताकद शेवटपर्यंत वापरण्याची तयारी वाढते. थकवा शरीरात असतोच, फक्त तो कमी जाणवतो. उन्हात धावताना हे विसरू नये, कारण थांबायला सांगणारी आतली सूचनाच इथे दबलेली असते.

आता प्रमाण. ते कपांत मोजून चालत नाही, वजनावर मोजावं लागतं. बहुतेक अभ्यासांत शरीराच्या दर किलोमागे ३ ते ६ मिलिग्रॅम कॅफिन वापरलेलं आहे. काहींना २ मिलिग्रॅमही पुरतं. ९ मिलिग्रॅमपर्यंत गेलं तर वेग आणखी वाढत नाही, हातांची थरथर, मळमळ आणि धडधड मात्र वाढते. मी स्वतः ३ च्या वर कुणाला जायला सांगत नाही.

समजा मुलाचं वजन ५८ किलो आहे. किलोमागे ३ प्रमाणे १७४ मिलिग्रॅम झाले. मैलाच्या त्या प्रयोगात किलोमागे ०.०९ ग्रॅम कॉफी दिली होती. त्या मापानं ५८ किलोला ५.२ ग्रॅम इन्स्टंट कॉफी लागते. घरातल्या चहाच्या चमच्यानं सपाट भरले तर अडीच ते तीन चमचे. पण डब्यावरची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय हा हिशेब करू नका. आपल्याकडच्या बऱ्याच स्वस्त कॉफ्यांत चिकोरी मिसळलेली असते आणि चिकोरीत कॅफिन अजिबात नसतं. डब्यावर कॉफी ७० टक्के, चिकोरी ३० टक्के असं लिहिलेलं असेल, तर तीन चमच्यांतला जवळपास एक चमचा कॅफिनच्या दृष्टीनं वाया गेला. दुधाळ कटिंगवर तर हिशेब मांडताच येत नाही. चहा किती उकळला आणि दूध किती घातलं, यावर प्रत्येक टपरीचा आकडा वेगळा.

एनर्जी ड्रिंकचं सोपं आहे. भारतातल्या नियमांप्रमाणे अशा पेयात लिटरमागे जास्तीत जास्त ३०० मिलिग्रॅम कॅफिन चालतं, म्हणजे २५० मिलिलिटरच्या डब्यात फार तर ७५. आपल्या मुलाला दोनपेक्षा जास्त डबे लागतील आणि तेवढी साखर व वायू पोटात घेऊन कुणी १६०० मीटर धावू नये. जिममधली प्री-वर्कआउट पावडर घेणारेही आहेत. तिच्या एका स्कूपमध्ये अनेकदा १५० ते ३०० मिलिग्रॅम कॅफिन असतं. ती घेतल्यावर चेहऱ्याला आणि बोटांना मुंग्या येतात, त्याला मुलं ‘चढली’ म्हणतात. त्या मुंग्या बहुधा बीटा-अ‍ॅलनिन या दुसऱ्याच घटकाच्या असतात, त्यावरून कॅफिनचा अंदाज बांधता येत नाही.

शुद्ध कॅफिनची पावडर मात्र घरात आणूच नये. २०१५ मध्ये इंग्लंडमधल्या नॉर्थम्ब्रिया विद्यापीठात दोन विद्यार्थ्यांना प्रयोगासाठी ०.३ ग्रॅम कॅफिन द्यायचं होतं. हिशेबात दशांशचिन्ह चुकलं आणि दोघांना ३० ग्रॅम दिलं गेलं. दोघांना अतिदक्षता विभागात ठेवून डायलिसिस करावं लागलं, तेव्हा ते वाचले. विद्यापीठाला पुढे चार लाख पौंडांचा दंड झाला. प्रयोगशाळेत असं होऊ शकतं, तर स्वयंपाकघरातल्या चमच्यानं काय होईल? या पावडरीच्या एका चमच्यात तीन हजार मिलिग्रॅमच्या वर कॅफिन असतं.

वेळेचा नियम वरवर सोपा आहे : धावण्याच्या तासभर आधी. पोटात गेल्यावर पाऊण ते एक तासात कॅफिन रक्तात भरपूर चढलेलं असतं. भरपेट खाऊन घेतलं तर त्याला उशीर लागतो. पण भरतीच्या मैदानावर धावायची वेळ आपल्या हातात नसते. पहाटे पाचला बोलावतात, आधी कागदपत्रं, मग उंची आणि छातीचं माप, मग चेस्ट नंबर, आणि प्रत्यक्ष पळायला आठ वाजतात. घरून चारला कॉफी पिऊन निघालेला मुलगा रांगेतच धडधड अनुभवतो. त्यापेक्षा कॉफी छोट्या थर्मासमध्ये न्यावी आणि मापं आटोपून आपली बॅच कितवी हे कळल्यावर प्यावी. त्यानंतरही दोन तास थांबावं लागलं तर घाबरून दुसरा कप घेऊ नये. रक्तातलं कॅफिन निम्मं व्हायला सरासरी पाच तास लागतात. दोन तासांनी १७४ पैकी सुमारे १३० मिलिग्रॅम अजून कामावर असतं. आणखी एक अडचण मुली-मुलांनी मोकळेपणानं लक्षात घ्यावी : कॉफीनं बऱ्याच जणांना शौचाला लागते आणि मैदानावर सोय असेलच असं नाही.

हाच पाच तासांचा आकडा संध्याकाळच्या सरावाला आडवा येतो. सहाच्या सरावासाठी पाचला १७४ मिलिग्रॅम घेतलं, तर रात्री दहाला ८७ उरतात आणि मध्यरात्री तीनला चाळीसच्या वर. अमेरिकेतल्या २०१३ च्या एका अभ्यासात झोपेच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफिन दिलं, तेव्हा एकूण झोप तासाभराहून जास्त घटली. काही मुलं म्हणतात, ‘सर, मला कॉफीनं काही होत नाही, लगेच झोप लागते.’ झोप लागते, पण ती उथळ आणि तुटक होऊ शकते. पहाटे चारला उठणाऱ्यानं रोज अशी झोप गमावली, तर सरावाचा फायदाच घटत जातो. म्हणून माझं म्हणणं ठाम आहे : संध्याकाळच्या सरावाला कॅफिन नाही, रोजच्या सरावालाही नाही. आठवड्यातून एकदा सकाळी १६०० ची वेळ लावतो, तेवढ्यापुरतं घ्यावं.

चाचणीच्या दिवशी पहिल्यांदा तर मुळीच घेऊ नये. किमान तीन-चार आठवडे आधी करून बघावं. एका रविवारी कॉफीशिवाय वेळ लावावी, पुढच्या रविवारी किलोमागे २ मिलिग्रॅमवर, त्याच ट्रॅकवर, त्याच वेळी, तेवढीच झोप घेऊन. मग एकदा पुन्हा कॉफीशिवाय, कारण दोन-तीन सेकंद तर वाऱ्यानंही इकडेतिकडे होतात. वेळ सुधारली, हात स्थिर राहिले, पोट बिघडलं नाही, तर ते प्रमाण आपलं. गोळाफेकीआधी बोटं थरथरत असतील तर कमी करावं. फरकच पडला नाही तर सोडून द्यावं. काही जणांना कॅफिनचा उपयोग खरोखरच होत नाही. रोज चहा पिणाऱ्यानं मात्र चाचणीच्या आदल्या दिवशी तो बंद करू नये. चोवीस तासांच्या आत डोकं दुखायला लागतं आणि ऐन मैदानावर ते सोबत येतं.

कॅफिन कुणी टाळावं, हे मी मुद्दाम सविस्तर सांगतो. धावताना कधी चक्कर येऊन पडलेला, छातीत दुखलेला, ठोके चुकल्यासारखे वाटलेला, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक हृदयानं गेलेला मुलगा असेल, तर त्यानं कॅफिनचा विचार बाजूला ठेवून आधी हृदयाच्या डॉक्टरांकडे जावं. रक्तदाब ताब्यात नसलेल्यांनी, घाबरेपणाचे झटके येणाऱ्यांनी, झोपेची तक्रार असलेल्यांनी आणि ज्यांना आम्लपित्तानं छातीत जळजळतं त्यांनीही दूर राहावं. अठराच्या आतल्या शाळकरी खेळाडूंना तर प्रशिक्षकांनी हे सुचवूही नये. गरोदरपणात दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत राहावं असा सल्ला दिला जातो, त्यामुळे व्यायामासाठी वेगळं कॅफिन घेण्याचा प्रश्नच उरत नाही.

औषधांकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. पीसीओडीसाठी अनेक मुलींना गर्भनिरोधक संयुक्त गोळ्या दिल्या जातात. त्या चालू असताना कॅफिन शरीरात जवळपास दुप्पट वेळ राहतं. अशा मुलीनं ८०० मीटरसाठी घेतलेली सकाळची कॉफी संध्याकाळीही अंगात असू शकते. जंतुसंसर्गासाठी दिली जाणारी सिप्रोफ्लॉक्सासिन कॅफिनचा निचरा मंदावते. दम्यासाठी थिओफायलिन चालू असेल, तर ते कॅफिनच्याच कुळातलं औषध आहे आणि दोघांची धडधड एकमेकांत मिळते. सर्दी-डोकेदुखीच्या काही गोळ्यांत कॅफिन आधीच असतं, म्हणून पाकिटावरची घटकांची यादी वाचावी. यातलं कुठलंही औषध चालू असेल तर कॉफीचं प्रमाण ठरवण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावं.

पुढच्या लेखांकात १०० मीटरची सुरुवात : पहिली दहा पावलं.